बुटाला नवा सोल घालायचा की नवा बूट घ्यायचा? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातल्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

मी बेळगावात राहतो आणि नोकरीसाठी रोज खानापूरला जातो. पावसाळ्याचे चार महिने पायातले बूट कधी पूर्ण वाळत नाहीत, त्यामुळे गेल्या काही वर्षांत दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांकडे बसून बरंच पाहिलं, विचारलं आणि पैसे घालवूनही शिकलो. ओळखीचे लोक पुन्हा पुन्हा तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. बहुतेक मजकूर चामड्याच्या रोजच्या बुटांबद्दल आहे, कारण सोल बदलण्याचा खरा प्रश्न तिथेच येतो.

सोल झिजलाय. बूट दुरुस्तीला न्यावा की टाकावा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

सगळे जण आधी सोल बघतात. सोल हा बदलायचाच भाग आहे, म्हणून तो शेवटी बघा. आधी वरचं चामडं आणि आतला पुठ्ठा बघा. हे दोन्ही धड असतील तर सोल कितीही झिजलेला असला तरी बूट वाचतो. यातलं एक जरी गेलं असेल, तर वर घातलेला नवा सोल फुकट जातो.

वरचं चामडं तपासताना बूट पुसून उजेडात धरा आणि चालताना जिथे दुमडतो, म्हणजे बोटांच्या मागची आडवी रेघ, तिथे वाकवा. सुरकुत्या दिसल्या तर काळजी नाही, त्या प्रत्येक चामड्याला पडतात. सुरकुतीच्या तळाशी फट दिसली आणि तिच्यात तंतू उघडे पडले असतील, तर ती फट रोजच्या चालण्याने वाढतच जाणार. पॉलिशने ती झाकली जाते, बुजत नाही. वरचा थर पापुद्र्यासारखा सोलून खालचं कापड दिसत असेल, तर तो बूट चामड्याचा नव्हताच, रेक्झिनचा होता. त्यावर खर्च करू नका.

नंतर टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा. तो कडक असायला हवा, कारण आत कडक पट्टी घातलेली असते. बूट नेहमी मागून दाबून, वहाणेसारखा घालायची सवय असेल तर ती पट्टी मोडलेली असते आणि टाच बुटात धरून राहत नाही. टाचेचं आतलं अस्तर नुसतं फाटलं असेल तर त्याची काळजी नको. तिथे पातळ चामड्याचा तुकडा लावून घेता येतो आणि ते छोटं काम आहे.

शेवटी आतलं सुटं पायघालणं, म्हणजे इनसोल, काढा आणि हात घालून तळाचा पुठ्ठा चाचपा. हीच तपासणी लोक करत नाहीत, आणि आपल्याकडच्या पावसात हाच भाग सगळ्यात आधी जातो. मध्यम किमतीच्या बहुतेक बुटांत तळाला दाबलेल्या पुठ्ठ्याचा थर असतो. वरचं चामडं त्याच्यावर ओढून चिकटवलेलं असतं आणि सोलही खालून त्यालाच धरून असतो. पुन्हा पुन्हा भिजून तो फुगला, थर सुटले किंवा मधोमध मोडला, तर नवा सोल धरणार तरी कशाला? बोटाने दाबल्यावर पुठ्ठा ओल्या खाकी कागदासारखा वाटला तर कारागिराला आधीच विचारा, "मामा, आतला पुठ्ठा बदलता येईल का?" काही जण चामड्याचा किंवा फायबरचा नवा तळ कापून घालतात. पण ते सोलपेक्षाही वेळखाऊ काम आहे आणि फक्त चांगल्या चामड्याच्या बुटासाठीच परवडतं.

आणखी एक खूण आहे. बूट दोन्ही हातांनी धरून वाकवा. तो बोटांच्या मागे वाकला पाहिजे. तळपायाच्या कमानीखाली, म्हणजे मधोमध, वाकत असेल तर आतली लोखंडी किंवा लाकडी पट्टी मोडली आहे. अशा बुटात चालून पाय दुखतो आणि नवा सोलही तिथेच पुन्हा तुटतो.

सोल शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, हे कसं कळणार?

बुटाच्या कडेने वरून बघा. चामड्याची अरुंद पट्टी कडेने फिरलेली असेल, तिच्यावर टाके दिसत असतील आणि बूट उलटा केल्यावर खाली तेच टाके किंवा त्यांची खाच सापडत असेल, तर तो खरा शिवलेला बूट आहे. अशा बुटाचा सोल पट्टीपासून सोडवून नवा शिवता येतो आणि वरच्या चामड्याला सुईसुद्धा लागत नाही. म्हणून हा बूट दोन-तीन वेळा सोल बदलून वापरता येतो.

पण फसू नका. पुष्कळ बुटांत ही पट्टी रबराची साच्यातली असते आणि टाके नुसते शोभेचे असतात. ओळखायची रीत सोपी आहे. टाचणीने एक टाका हलकेच उचलून बघा. दोरा आरपार गेलेला नसेल किंवा टाका रबरातच ओतलेला असेल, तर बूट चिकटवलेला आहे.

काही बुटांत पट्टी नसते, पण आतलं पायघालणं काढल्यावर तळाला कडेने टाक्यांची रांग दिसते. तोही शिवलेलाच, फक्त आतून. तो मशीनवरच नीट शिवता येतो आणि रस्त्याकडेच्या कारागिराकडे ते मशीन नसतं. बाहेरून हाताने शिवून तो चालवता येतो, पण मूळ शिलाईसारखा होत नाही.

चिकटवलेला बूट म्हणजे वाईट, असं मात्र समजू नका. बाजारातले बहुतेक बूट असेच असतात, आणि वरचं चामडं चांगलं असेल तर त्यांनाही एकदा नवा सोल घालणं परवडतं.

लग्नात घेतलेले बूट कपाटातच होते. चार वर्षांनी घातले तर सोलचा भुगा झाला. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. लोक दुकानदाराला दोष देतात, पण कारण वेगळं आहे. हलक्या, जाड, जरा मऊ वाटणाऱ्या काळ्या किंवा तपकिरी सोलांपैकी पुष्कळ सोल पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयूचे असतात. हवेतली आर्द्रता या पदार्थाची साखळी हळूहळू तोडते. ही क्रिया बूट वापरा किंवा न वापरा, चालूच राहते. बंद खोक्यात, दमट कपाटात ती आणखी वेगाने होते. बाहेरून सोल ठणठणीत दिसतो, आणि एक दिवस पायऱ्या उतरताना शेवग्याच्या वाळलेल्या शेंगेसारखा फुटतो किंवा चिकट गाळासारखा होतो.

तपासायचं असेल तर सोलच्या बाजूला अंगठ्याचं नख दाबा. चांगला पीयू दबतो आणि परत वर येतो. बिघडलेल्यात नखाची खूण राहते किंवा कण सुटतात. लांब गावी लग्नाला जाण्याआधी हे करून बघा, वाटेत तळ सुटला तर काही इलाज नसतो.

अशा सोलला चिकटवणं किंवा शिवणं, दोन्ही व्यर्थ. पदार्थच मेलेला असतो, टाका धरणार कशात? तो पूर्ण काढून दुसरा घालावा लागतो. वरचं चामडं चांगलं असेल तर हे काम जरूर करावं, कारण न वापरलेल्या बुटाचं चामडं सहसा नव्यासारखंच असतं.

माझं स्वतःचं उदाहरण सांगतो. काळे चामड्याचे बूट, 2,400 रुपयांना घेतलेले, अडीच वर्षं वापरलेले. जुलैमध्ये खानापूर स्थानकावर बसमधून उतरताना उजव्या बुटाचा पीयू सोल टाचेकडून सुटला. घाईत एका कारागिराकडे दिले. त्यांनी उरलेला सोल ओढून काढला, वर गम लावला, तयार रबरी सोल दाबून बसवला आणि अर्ध्या तासात बूट हातात दिला. आठव्या दिवशी सोल पुढून उघडला. उघडून बघितलं तर नव्या सोलला जुन्या पीयूचा पिवळा थर चिकटून आलेला. म्हणजे गम पक्का होता, पण तो बुटाला न धरता मेलेल्या थराला धरून होता.

दुसऱ्या कारागिराने बूट दोन दिवस ठेवून घेतला. आधी रापीने आणि मग खरखरीत कागदाने जुना थर पूर्ण खरवडला, अगदी चामड्याची कोरी, केसाळ बाजू दिसेपर्यंत. पुठ्ठा दमट होता म्हणून तो एक रात्र वाळू दिला. मग पातळ रबर शीटचा एक मधला थर चिकटवला, त्यावर तयार सोल बसवला आणि सोलच्या कडेला खाच पाडून भोवती हाताने शिलाई घातली. 550 रुपये घेतले. मला ते महाग वाटले होते. त्यानंतर दोन पावसाळे झाले, तेच बूट पायात आहेत.

किती खर्चापर्यंत दुरुस्ती परवडते?

'नव्याच्या अर्ध्या किमतीपेक्षा जास्त लागले तर टाका' असं म्हणतात. त्यापेक्षा महिन्याचा हिशोब घाला. माझे बूट नवे घेतले तर 2,400 रुपयांत 30 महिने, म्हणजे महिन्याला 80 रुपये. सोल बदलायला 550 आणि कमीत कमी 18 महिने धरले, तर महिन्याला साधारण 30 रुपये. इथे दुरुस्ती उघड परवडते.

आता 700 रुपयांचा रेक्झिनचा बूट घ्या. तो रोजच्या वापरात आठ महिने टिकतो, म्हणजे महिन्याला 87 रुपये. त्याला 450 चा सोल घातला, पण वरचं रेक्झिन चारच महिने तग धरणार असेल, तर महिन्याला 112 रुपये पडले. इथे नवा घेतलेला बरा. 450 ही रक्कम नव्याच्या किमतीच्या मानाने कमी दिसते, आणि तिथेच लोक फसतात. नवा सोल किती दिवस टिकेल हे विचारू नका, वरचं चामडं आणखी किती दिवस टिकेल ते विचारा. दर गावागावाप्रमाणे आणि सोलच्या जातीप्रमाणे बदलतात, तेव्हा आकडे तुमचे घाला, रीत हीच ठेवा.

नुसती टाच, अर्धा सोल की पूर्ण सोल?

टाच लवकर बदला. बहुतेकांची टाच बाहेरच्या कोपऱ्यात झिजते. वरचा रबराचा तुकडा संपेपर्यंत ते काम स्वस्त आणि दहा मिनिटांचं असतं. झीज टाचेच्या ठोकळ्यात शिरली की ठोकळाच बांधावा लागतो. शिवाय तिरक्या टाचेमुळे पूर्ण बूट एका बाजूला कलतो, आणि एकदा का वरचं चामडं सोलच्या कडेबाहेर ओघळलं की ते सरळ होत नाही.

अर्धा सोल म्हणजे बोटांपासून कमानीपर्यंत. पुढचा भाग अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागला, चालताना खालची जमीन पायाला जाणवायला लागली की ही वेळ आली. भोक पडायची वाट बघू नका, कारण भोकातून पाणी थेट पुठ्ठ्यावर जातं. अर्ध्या सोलात कसब सांध्याचं असतं. नवा तुकडा कमानीकडे रापीने उतरता, कागदासारखा पातळ करून मिळवावा लागतो. तिथे जाड कड राहिली तर चालताना तीच आधी उचकटते. फार जाड शीट पुढे लावली तर टाच खाली गेल्यासारखी वाटते आणि पोटऱ्या दुखतात. तीन-चार मिलिमीटर पुष्कळ झाली.

पूर्ण सोल तेव्हाच, जेव्हा मधला भागही फुटलेला असतो किंवा पदार्थच बिघडलेला असतो.

चिकटवून घ्यावा की शिवून?

आपल्या भागात पावसाच्या पहिल्या सरीनंतर सगळे "शिवून द्या" म्हणतात. शिलाई दिसते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. पण खरं काम गमचं असतं आणि शिलाई त्याची राखण करते. गम नीट नसेल तर टाक्यांच्या मधल्या जागेतून सोल तोंड उघडतोच.

गमचं काम नीट झालं की नाही हे बघून कळतं. दोन्ही बाजू, बुटाची आणि सोलची, खरवडून खरखरीत केल्या पाहिजेत. गम दोन्ही बाजूंना पातळ लावला पाहिजे. मग लगेच न जोडता दहा-पंधरा मिनिटं वाळू दिला पाहिजे, बोट लावलं तर चिकटेल पण गम बोटाला लागून येणार नाही इतका. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा याहून जास्त वेळ लागतो. त्यानंतर थोडा गरम करून जोडायचा, हातोडीने मधून कडेकडे ठोकत न्यायचा आणि दाबून ठेवायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत बूट घालायचा नाही. कुणी ओला गम लावून तसाच दाबत असेल तर तो बाहेरून वाळतो, आत तसाच राहतो.

तयार सोलची जातही बघावी लागते. रबर साध्या गमला चांगला धरतो. थर्मोप्लास्टिक रबराच्या आणि फोमच्या सोलला आधी वेगळं द्रव्य, प्रायमर, लावावं लागतं. ते न लावता चिकटवलेला सोल पापडासारखा सुटून येतो. कारागिराला विचारा, "याला प्रायमर लागतो का?" जो नीट उत्तर देतो त्याला पदार्थ माहीत आहेत.

शिलाईचे तोटेही आहेत. खाच न पाडता घातलेले टाके जमिनीला घासून महिन्याभरात तुटतात. आरीने पाडलेल्या भोकांतून पाणी आत येतं, म्हणून मेण लावलेला नायलॉनचा दोरा हवा. टाके भाताच्या दाण्याएवढे असावेत. जास्त जवळ घातले तर तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग होते आणि सोल तिथेच फाटतो. मऊ फोमला तर शिलाई करूच नये, दोरा त्याला सुरीसारखा कापतो.

अथणीकडची कोल्हापुरी चप्पल दुरुस्त करून घ्यावी का?

घ्यावी, पण ज्याला ती बनवता येते त्याच्याकडूनच. कोल्हापुरी म्हटलं तरी ही चप्पल सीमेच्या दोन्ही बाजूंना बनते. 2019 साली भौगोलिक निर्देशन मिळालं तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकातले बेळगाव, विजयपूर, बागलकोट, धारवाड असे चार जिल्हे त्यात आले. अथणी, निपाणी, चिक्कोडी भागात अजूनही घराघरांत हे काम चालतं, आणि वेणी-शिलाईचं बरंच काम बायकांच्या हातचं असतं.

ही चप्पल बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या जाड चामड्याची असते. तळाचे थर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात, खिळा लागत नाही. म्हणूनच ती सोडवून पुन्हा शिवता येते. तळ झिजला तर खालचा थर बदलतात किंवा रबराची पातळ शीट लावतात. कान फाटला तर नवा कान घालतात. बनवणाऱ्याच्या हातात ही कामं सहज होतात. सर्वसाधारण दुरुस्ती करणारे मात्र बऱ्याचदा खिळे ठोकतात. खिळ्याने चामडं दुभंगतं आणि नंतर वादी घालायला जागाच उरत नाही. तेव्हा आधीच सांगा, "खिळा नको, शिवा."

पावसात भिजून थर सुटले, फुगून वाकडे झाले आणि वाळल्यावर कडकडीत झाले, तर ती चप्पल पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. अथणीच्या कोरड्या हवेत ती बारा महिने चालते, खानापूरकडच्या पावसात चालत नाही. तिकडे जून ते सप्टेंबर ती घरात, वाऱ्यावर ठेवावी. भिजलीच तर उन्हात किंवा चुलीपुढे न ठेवता कागद भरून सावलीत वाळवावी.

पळायचे बूट आणि मुलांचे शाळेचे बूट?

पळायच्या बुटात सोलच्या वरचा फोम दबून मेला असेल तर खाली काहीही चिकटवलं तरी उपयोग नाही. पुढची रबराची कड सुटली असेल तर ती चिकटवून घ्या, तेवढंच. शाळेच्या बुटांना नवा सोल घालण्यात अर्थ नाही, सोल जाईपर्यंत मुलाचा पाय वाढलेला असतो. सुटलेली शिलाई किंवा बक्कल मात्र जरूर करून घ्या.

चांगला कारागीर कसा शोधायचा?

पाटी, दुकानाचा आकार किंवा जागा यावरून काही कळत नाही. बसस्थानकाजवळचे बहुतेक जण घाईतल्या लोकांचं काम करतात. त्यांच्याकडे तुटलेला पट्टा किंवा दोन टाके पटकन आणि चांगले होतात. सोल बदलायला त्यांच्याकडे ना जागा असते ना तुमच्याकडे वेळ. त्यासाठी गल्लीत बसणारा, बूट ठेवून घेणारा माणूस हवा. बेळगावात खडे बाजार, शहापूरच्या आसपासच्या गल्ल्यांत चौकशी करा. कॅम्प भागात लष्करामुळे जड बुटांचं काम येत असतं, तेव्हा तिथल्या कारागिरांना शिवलेल्या बुटांची सवय असण्याची शक्यता जास्त. गणवेशातल्या ओळखीच्या माणसाला विचारा, पोलीस, सैनिक, कंडक्टर, रोज कडक बूट घालणारे. त्यांचा कारागीर ठरलेला असतो.

गेल्यावर लगेच बूट देऊ नका. दहा मिनिटं उभं राहून त्यांचं काम बघा. मी तीन गोष्टी बघतो. पहिली, ते खरवडतात का. जुना गम न काढता नवा लावणारा माणूस आपल्या कामाचा नाही, मग हात कितीही चपळ असो. दुसरी, रापीला धार आहे का. बोथट रापीने कापलेली सोलची कड दातेरी दिसते. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते एखादं काम नाकारतात का? माझ्यासमोर एका बाईंच्या चपलेला कारागिराने सांगितलं, "ताई, हे वरचं रेक्झिन दोन महिन्यांत जाणार, पैसे घालवू नका." तेव्हाच मी माझे बूट त्यांच्याकडे द्यायचं ठरवलं.

मग आधी लहान काम द्या, टाच बसवायचं. टाचेची कड बुटाच्या कडेला बरोबर मिळाली आहे का, आत खिळ्याचं टोक आलंय का, दोन्ही टाचा सारख्या उंच आहेत का, एवढं बघितलं की हाताचा अंदाज येतो. ते पसंत पडलं तरच सोलचं काम द्या.

वेळही नीट निवडा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळ्यांचे सोल एकदम सुटतात आणि कारागिराला वाळवायला वेळ देताच येत नाही. तेच काम एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दिलं तर गम नीट बसतो आणि तो माणूसही निवांत असतो.

भाव ठरवताना घासाघीस केली तर कुठेतरी काटछाट होते, बहुतेक वेळा गमच्या किंवा सोलच्या दर्जात. मी कमी करायला सांगत नाही. "चांगला माल घाला, दोन दिवस ठेवा, पण कुठला सोल घालणार ते दाखवा" एवढंच सांगतो.

कारागीर कानडी बोलणारे असले तर?

बेळगाव, निपाणीत मराठी चालतंच. अथणी, चिक्कोडीकडच्या खेड्यांत कानडी जास्त, पण कामाचे शब्द सगळीकडे तेच, सोल, टाच, गम, शीट. शिलाईला कानडीत 'होलिगी' म्हणतात, "होलिगी हाक्री" म्हटलं की शिवून द्या हे कळतं. आणि 'अण्णा' म्हणून सुरुवात करा.

तोपर्यंत घरी झटपट चिकटणारा गम लावला तर चालेल का?

नको. तो वाळला की काचेसारखा कडक होतो. चालताना बूट वाकतो, गम वाकत नाही, म्हणून दोन दिवसांत तडकतो. मग तो कडक थर खरवडून काढायला कारागिराला दुप्पट वेळ लागतो आणि चामडंही ओरखडतं. सुटलेला सोल रुंद रबर बँडने किंवा दोरीने बांधून कारागिराकडे न्या, आत काही लावू नका. ओला असेल तर आधी वर्तमानपत्राचे बोळे भरून वाळवा आणि बोळे बदलत राहा.

बूट परत घेताना काय बघायचं?

पैसे देण्याआधी आत हात घाला आणि तळ सगळीकडून चाचपा, खिळ्याचं टोक लागलं तर तिथेच लोखंडी ऐरणीवर ठोकून घ्या. मग बूट सपाट फरशीवर ठेवा. दोन्ही डगमगायला नकोत आणि मागून बघितल्यावर दोन्ही टाचा सरळ उभ्या दिसायला हव्यात. सोलच्या कडेत, विशेषतः बोटांच्या टोकाशी आणि कमानीपाशी, नख घालायचा प्रयत्न करा. नख शिरलं तर तिथे गम धरलेला नाही. हे त्यांच्यासमोरच दाखवा, कारण ताज्या कामात ते लगेच उघडून पुन्हा बसवता येतं, आठवड्याने आत धूळ-पाणी गेल्यावर नाही. दोन्ही बूट पायात घालून दहा पावलं चाला. एक बूट दुसऱ्यापेक्षा जड किंवा उंच वाटला तर सांगा. आणि त्या दिवशी घरी जाताना पाय ओले होतील अशी वाट असेल, तर बूट पिशवीत घालून न्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाला.